पत्ता पुसलात का?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं आणि आमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरच्या दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. बचत गटातल्या दोघी-तिघींना घेऊन मीही एका दुकानात बसले होते. आमच्या आधी एका मुलीचा नोकरीचा अर्ज भरणं चाललं होतं. दुकानातल्या मुलानं नावाच्या चौकटीत एकच अक्षर दाबलं आणि खाली नावांची माळच लागली. सगळी बायकांची नावं. त्यातली तिघी तर माझ्या ओळखीच्या! एकीच्या नावाखाली तिच्या घराचा पत्तासुद्धा दिसत होता.

"ही नावं तू लिहून ठेवलीस का रे?" मी विचारलं.

"नाही हो काकू, ते आपोआप येतं. बरं पडतं, पटकन काम होतं," तो म्हणाला आणि पुढे टाइप करू लागला.

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण मी मात्र त्या माळेकडे बघतच राहिले, कारण मला मीना आठवली. मीना हे तिचं खरं नाव नाही. आपण तिला मीना म्हणू.

मीना मारहाणीला कंटाळून धाकट्या मुलाला घेऊन सासरहून निघाली ती दुसऱ्या तालुक्यात राहणाऱ्या मावसबहिणीकडे गेली. ही बहीण सासरच्या कोणाला फारशी माहीत नव्हती. माहेरी सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही. फोनमधलं सिमकार्डही बदललं. तीन आठवड्यांनी नवरा त्याच दारात उभा! आम्हाला वाटलं, कोणीतरी फितूर झालं. बिचाऱ्या बहिणीच्या नवऱ्यावरसुद्धा संशय घेतला गेला. खरी गोष्ट पुढे पोलिसांसमोर त्याच्याच तोंडून बाहेर आली. तो आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मोटारसायकलच्या विम्याचा अर्ज भरत होता. पत्त्याच्या चौकटीत क्लिक केल्यावर खाली दोन पत्ते आले. एक त्याच्या घराचा आणि दुसरा त्या मावसबहिणीच्या घराचा, मीनाच्या नावासकट, नव्या मोबाइल नंबरासकट.

हे झालं कसं? मीनाचा फोन घेतला तेव्हा नवऱ्यानं त्यात स्वतःचंच गुगल खातं घालून दिलं होतं. आपल्याकडे किती घरांत हेच असतं! तिनं सिम बदललं, पण खातं तेच राहिलं. बहिणीकडे असताना तिनं मुलासाठी शाळेचे बूट मागवले. क्रोममध्ये नाव, पत्ता, पिनकोड, फोन भरला. खाली पट्टी आली, "Save address?" तिला वाटलं, ही बूट पाठवायचीच विचारणा आहे. तिनं "Save" दाबलं. बूट आले, आणि पत्ता नवऱ्याच्या खात्यात जाऊन बसला. तेच खातं त्याच्या दुकानातल्या क्रोममध्ये उघडं होतं.

मैत्रिणींनो, पासवर्ड जपा, ओटीपी कोणाला सांगू नका, हे आता आपल्याला पाठ झालंय. पण नाव, पत्ता आणि फोन नंबर ही काय लपवायची गोष्ट, असंच आपल्याला वाटतं. क्रोमलाही बहुधा तसंच वाटत असावं. साठवलेला पासवर्ड बघायचा तर तो फोनचा पिन किंवा अंगठा मागतो. साठवलेला पत्ता मात्र फोन हातात असलेल्या कोणालाही, काही न विचारता, दाखवतो.

ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो तो क्रोम किंवा फायरफॉक्स, या गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. हे दोन कप्पे नीट कळले की पुसणं सोपं होतं. न कळल्यामुळेच एक पुसला जातो आणि दुसरा राहतो.

पहिला कप्पा सुट्या शब्दांचा. एखाद्या चौकटीत तुम्ही 'सुमन' लिहून अर्ज पाठवला, की ब्राउझर तो शब्द त्या चौकटीसाठी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी 'सु' लिहिलं की 'सुमन' पुढे करतो. यासाठी तो सहसा विचारत नाही, गुपचूप साठवतो. दुकानात मी जी नावांची माळ पाहिली, ती बहुतेक या कप्प्यातली.

दुसरा कप्पा पत्त्याच्या कार्डांचा. यात एका माणसाचं नाव, पत्ता, पिनकोड, फोन, ईमेल असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. एका चौकटीत बोट लावलं की अख्खा अर्ज एका दमात भरला जातो. मीनाचा घात केला तो या कप्प्यानं. शिवाय हे कार्ड फक्त त्या फोनपुरतं राहीलच असं नाही. क्रोम गुगल खात्याला जोडलेला असेल तर ते खात्यातून त्या खात्याच्या दुसऱ्या फोनवर आणि कॉम्प्युटरवरही पोचतं.

एकदम अख्खं कार्ड भरलं जाण्याचा आणखी एक धोका आहे. २०१७ च्या जानेवारीत फिनलंडमधल्या विल्यामी कुओस्मानेन या तरुणानं एक साधं पान बनवून तो दाखवून दिला. पानावर दिसायच्या चौकटी दोनच, नाव आणि ईमेल. पण न दिसणाऱ्या चौकटी आणखी होत्या. माणूस नाव आपोआप भरायला सांगायचा आणि त्याबरोबर फोन नंबर आणि पत्ता त्या लपलेल्या चौकटींत जाऊन बसायचा. दिलं एक आणि गेलं चौपट. म्हणजे नवरा-सासर यांचा प्रश्न नसला तरी अनोळखी साइटवर आपोआप भरू देणं बरं नाही.

आता कोणी म्हणेल, यासाठी कायदा नाही का? आहे ना. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याच्या १२ व्या कलमात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे मे २०२७ पर्यंत. वर्तमानपत्रांत यावर बरंच लिहून आलं. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक वाक्य आहे, त्यावर फारसं कोणी बोललं नाही. एखादी व्यक्ती स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी जी माहिती वापरते, तिला हा कायदा लागूच नाही.

असं असण्यात चूक आहे असंही नाही. नाहीतर घरच्या फोनमध्ये आत्याचा नंबर ठेवला म्हणूनही नोटीस येईल! पण बाईच्या बाजूनं पाहिलं तर याचा अर्थ काय होतो? दूर कुठल्या शहरातल्या कंपनीला ती 'माझा पत्ता पुसा' म्हणू शकते. आणि घरातल्या ज्या कॉम्प्युटरवर तो पत्ता तिच्या जिवावर उठू शकतो, तिथे हा कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. मारहाणीसाठी, धमकीसाठी, पाठलाग करण्यासाठी दुसरे कायदे आहेत आणि ते वापरायलाच हवेत. पण ते घटना घडल्यानंतरचे. आधी पुसायचं काम आपल्याच बोटांनी करावं लागतं.

तर आता ते करू या. बहुतेकींकडे अँड्रॉइड फोन आणि त्यात क्रोम असतो, म्हणून त्याचंच सांगते. क्रोम उघडा. वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, ते दाबा. "Settings" मध्ये जा. तिथे "Addresses and more" असं लिहिलेलं सापडेल. क्रोमच्या आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, पण address हा शब्द शोधला की जागा सापडते. कॉम्प्युटरवर असाल तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत हे लिहून एंटर दाबा:

```
chrome://settings/addresses
```

साठवलेली सगळी कार्डं समोर येतात. पहिल्यांदा पाहाल तर चकित व्हाल. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये पाच निघाली. त्यातलं एक आमच्या जुन्या भाड्याच्या घराचं आणि एक माझ्या नणंदेचं, तिला मी कधीतरी राखीच्या वेळी साडी पाठवली होती तेव्हाचं! नको असलेल्या कार्डावर बोट लावा आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र किंवा "Delete" दाबा. कॉम्प्युटरवर कार्डाशेजारच्या तीन ठिपक्यांत "Delete" असतं. मग त्याच पानावरचं "Save and fill addresses" हे बटण बंद करा. मात्र नुसतं बटण बंद केलं म्हणजे जुनी कार्डं गेली असं समजू नका. बटणामुळे नवं साठणं आणि आपोआप भरणं थांबतं. आधीची कार्डं तिथेच पडून राहतात. म्हणून आधी पुसायचं, मग बंद करायचं.

हा झाला कार्डांचा कप्पा. सुटे शब्द अजून आहेतच. त्यासाठी पुन्हा तीन ठिपके, आणि "Delete browsing data". त्यात सगळे पर्याय दिसतील तिथे जा आणि "Autofill form data" या ओळीपुढे खूण करा. बाकीच्या खुणा काढून टाका. विशेषतः "Saved passwords" वरची खूण बघा, नाहीतर पासवर्डही जातील आणि संध्याकाळी घरात आरडाओरडा होईल.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. त्याच पानावर वेळ निवडायची जागा असते. ती बऱ्याचदा शेवटच्या पंधरा मिनिटांवर नाहीतर शेवटच्या एका तासावर लावलेली असते. तशीच ठेवून पुसलं तर तेवढ्याच वेळातलं जातं. तिथे "All time" निवडा. आमच्या गटाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा पुसलं तेव्हा हीच चूक केली. पुसलं म्हणून निर्धास्त झाले आणि दुसऱ्या दिवशी अर्ज उघडला तर तीच माळ हजर! सगळ्यांचं एकदम न पुसता एखादंच नाव काढायचं असेल तर कॉम्प्युटरवर ते नाव खाली दिसत असताना बाणाच्या कळीनं त्याच्यावर जा आणि Shift आणि Delete या कळा एकत्र दाबा.

खरंच पुसलं गेलं का, हे कसं ओळखायचं? कोणताही रिकामा अर्ज उघडा आणि नावाच्या चौकटीत क्लिक करा. काहीच आलं नाही तर एक-दोन अक्षरं लिहून बघा. खाली यादी आली आणि तिच्या तळाशी "Manage" असं काही लिहिलेलं असेल, तर कार्ड शिल्लक आहे. नुसतेच शब्द आले तर पहिला कप्पा शिल्लक आहे. आणि पत्ता एकाच साइटवर दिसतोय, दुसऱ्या कुठे नाही, असं असेल तर तो ब्राउझरचा नाहीच. तो त्या साइटवरच्या तुमच्या खात्यात साठलेला आहे आणि तिथेच जाऊन काढावा लागेल. ब्राउझर कितीही पुसला तरी तो जाणार नाही.

मीनाच्या बाबतीत आम्ही उशिरा शहाण्या झालो, पण त्यातून कामाचा क्रम कळला. ती बहिणीकडून दुसऱ्या ठिकाणी गेली तेव्हा मी तिच्याबरोबर फोन घेऊन बसले. यादीत तीन कार्डं होती: सासरचं घर, नवऱ्याचं दुकान आणि बहिणीचं घर. मीना म्हणाली, "ताई, ते खातंच काढून टाकते ना फोनमधून, सगळंच जाईल." मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण फोनमधून खातं काढलं की ते त्या फोनमधून जातं. खात्यात साठलेलं कार्ड खात्यातच राहतं, म्हणजे नवऱ्याच्या कॉम्प्युटरवरही राहतं. म्हणून आधी बहिणीच्या घराचं कार्ड पुसायचं. इंटरनेट चालू ठेवून थोडा वेळ थांबायचं, कारण नेट बंद असेल तर पुसल्याची वर्दी फोनच्या बाहेर जातच नाही. त्यानंतर खातं काढायचं आणि स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या पासवर्डचं नवीन खातं घालायचं. हा बदल तर सर्वांत मोठा. कारण ज्याच्या हातात फोनचं गुगल खातं असतं त्याला पत्त्याचं कार्ड नसलं तरी फोन कुठे आहे हे शोधता येऊ शकतं.

अजून एक गोष्ट समुपदेशन करणाऱ्या एका ताईंनी मला समजावली. बाई अजून त्याच घरात असेल आणि नवरा फोन तपासत असेल, तर अचानक सगळं पुसलेलं दिसलं की तोच भडकायचं निमित्त धरतो. अशा वेळी जुन्या गोष्टी तशाच राहू द्याव्यात. नवा पत्ता आणि नवा नंबर मात्र त्या फोनमध्ये कुठल्याच अर्जात भरू नये. दुसऱ्या सुरक्षित फोनवरून भरावा. आणि निघायचं ठरवताना एकटीनं ठरवू नये. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं.

खासगी खिडकीवरही फार भरवसा नको. क्रोममधलं "Incognito" उघडलं की सगळं गुप्त, असं मुलं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. त्या खिडकीत भरलेलं नवं काही फोन साठवत नाही, पण आधी साठवलेले पत्ते तिथेही पुढे येतात. म्हणून जुनं पुसणं सुटत नाही.

दुकानाचं आणि बचत गटाच्या कॉम्प्युटरचं काय? तिथे रोज पुसत बसणं कोणालाच जमणार नाही. त्यासाठी क्रोममध्ये पाहुण्यांची सोय आहे. वर उजवीकडे गोल चित्र असतं, त्यात "Guest" म्हणून मिळतं. त्या खिडकीत आधीच्या कोणाचं नाव दिसत नाही आणि खिडकी बंद केली की भरलेलं काही मागे राहत नाही. आमच्या कार्यालयात आता सगळे अर्ज त्याच खिडकीत भरतो. सुरुवातीला आमच्या हिशेब बघणाऱ्या वहिनी कुरकुरल्या. म्हणाल्या, "दरवेळी गावाचं नाव आणि पिनकोड पुन्हा लिहायचा?" खरंय, एका अर्जाला दोन-चार मिनिटं जास्त लागतात. मग मी त्यांना जुन्या यादीत त्यांच्याच मुलीचं नाव आणि नंबर दाखवला. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

त्या दुकानातल्या मुलाकडेही मी दुसऱ्या दिवशी गेले. भांडायला नव्हे, दाखवायला. "Addresses and more" उघडल्यावर तोच म्हणाला, "बाप रे काकू, ही तर अर्ध्या गावाची यादी आहे." आम्ही दोघांनी मिळून कार्डं पुसली, "All time" लावून शब्द पुसले, बटण बंद केलं. आता तो गिऱ्हाईक आलं की Guest खिडकी उघडतो. कधी विसरला तर रांगेतल्या आमच्याच बायका त्याला आठवण करून देतात.

मीना आता एका शिवणकामाच्या केंद्रात काम करते. परवा तिनं मला नव्या फोनवर एक पट्टी दाखवली, "Save address?" आणि हसत विचारलं, "ताई, काय दाबू?" मी काही सांगायच्या आत तिनंच "No thanks" दाबलं.

आज दुपारी कामं आटोपली की फोन हातात घ्या आणि ती यादी एकदा उघडून बघा. त्यात कोणाकोणाचे पत्ते आहेत ते पाहा. आणि तो फोन कोणाच्या खात्यावर चालतो, तेही.